‘इन’च्या पुढे ‘टू’ का चालत नाही?

नोकरीच्या अर्जात, प्रवेशाच्या मुलाखतीत, ऑफिसच्या ईमेलमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं : ‘आय ॲम इंटरेस्टेड इन टू लर्न’. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण वाक्य चुकीचं आहे. बरोबर वाक्य ‘आय ॲम इंटरेस्टेड इन लर्निंग’. शाळेत ही चूक लाल शाईने सुधारली जाते, कारण मात्र क्वचितच सांगितलं जातं. ते कारण मराठी माणसाला परकं नाही. आपण रोज तोच नियम पाळून बोलतो.

‘मला शिकायला आवडतं’ आणि ‘मला शिकण्यात रस आहे’ ही दोन वाक्यं घ्या. क्रियापद एकच, पण रूपं वेगळी. दुसऱ्या वाक्यात आपल्याला ‘त’ हा प्रत्यय लावायचा आहे, आणि तो लावायचा तर आधी क्रियापदाचं नाम व्हावं लागतं. म्हणून ‘शिकणे’ या नामाचं सामान्यरूप ‘शिकण्या’ होतं आणि त्याला ‘त’ लागतो. ‘शिकण्याबद्दल’, ‘शिकण्याशिवाय’, ‘शिकण्यापूर्वी’ हे शब्दही असेच तयार होतात. ‘शिकायलाबद्दल’ किंवा ‘शिकायलात रस’ असं कोणी म्हणत नाही.

इंग्रजीत हेच काम ‘इन’, ‘अबाउट’, ‘विदाउट’, ‘बिफोर’, ‘ऑफ’, ‘बाय’ हे शब्द करतात. ते नामाच्या मागे न लागता पुढे बसतात, इतकाच फरक. त्यांनाही नामच हवं असतं. क्रियापद आलं तर त्याला ‘-इंग’ लावून नाम करून घ्यावं लागतं. व्याकरणात या रूपाला जेरंड म्हणतात. हे नाम असलं तरी क्रियापदाचा स्वभाव पूर्ण सोडत नाही. ‘लर्निंग मराठी’ म्हणताना त्याला कर्म घेता येतं, जसं आपण ‘मराठी शिकण्यात’ म्हणतो.

मग ‘टू लर्न’ हेही एक प्रकारचं नाम नाही का? ‘टू लर्न इज इझी’ असं म्हणता येतंच की. याचं उत्तर हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत सापडतं. तेव्हा ‘शिकणे’ हे क्रियापद ‘लेओर्निअन’ होतं आणि त्याच्यापुढे ‘टू’ आला की शेवट बदलून ‘टू लेओर्निएन्ने’ व्हायचं. हा ‘टू’ तेव्हा ‘कडे’, ‘साठी’ अशा अर्थाचा, ‘इन’च्याच जातीचा शब्द होता. पुढे शेवटचे प्रत्यय झिजून गेले आणि ‘टू’ क्रियापदाला चिकटून राहिला. ‘शिकण्याची क्रिया’ यासाठी मात्र ‘लेओर्नुंग’ असं वेगळं नाम होतं, आणि आजच्या ‘लर्निंग’चं मूळ तेच. म्हणजे ‘इन टू लर्न’ म्हणताना आपण एका जातीचे दोन शब्द एकावर एक ठेवतो, तर ‘इन लर्निंग’ म्हणताना ‘इन’ला हवं तसं नाम देतो.

खरी फसगत पुढेच आहे, कारण ‘टू’ची जुनी जातही अजून जिवंत आहे. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधला ‘टू’ क्रियापदाचा सोबती नाही, तो ‘इन’सारखाच नाम मागतो. त्यामुळे ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ चूक आणि ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ बरोबर. ‘टू’ नंतर ‘-इंग’ कानाला विचित्र लागतं, म्हणून चांगलं इंग्रजी लिहिणारेही इथे चुकतात. कोणता ‘टू’ कुठला हे ओळखायची, बहुतेक वेळा उपयोगी पडणारी परीक्षा अशी : त्याच्यापुढे साधं नाम ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर लेटर’ हे वाक्य पुरं होतं, तेव्हा पुढच्या क्रियापदाला ‘-इंग’ हवं. ‘आय वाँट टू युअर लेटर’ हे वाक्यच होत नाही, तेव्हा ‘वाँट टू लर्न’ बरोबर.

‘यूज्ड टू’ला हीच परीक्षा लावली तर दोन वेगळ्या रचना हाती येतात. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचो. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठण्याची सवय आहे. ‘आय ॲम यूज्ड टू द नॉइज’ असं नाम ठेवता येतं, म्हणून दुसऱ्या वाक्यात ‘-इंग’ आलं.

आता एका अर्जातला मजकूर तपासू. समजा, वाणिज्य शाखेच्या पदवीधराने असं लिहिलं आहे : ‘आय ॲम इंटरेस्टेड इन टू वर्क इन युअर अकाउंट्स डिपार्टमेंट. आफ्टर कम्प्लीट माय बी.कॉम., आय डिसायडेड टू लर्न टॅली. आय ॲम यूज्ड टू वर्क ऑन अ कॉम्प्युटर. आय हॅव अ स्ट्राँग डिझायर टू ग्रो. आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.’

पहिल्या वाक्यात ‘इन’ आहे, म्हणून ‘इन वर्किंग’. दुसऱ्यात ‘आफ्टर’ आहे, म्हणून ‘आफ्टर कम्प्लीटिंग’. त्याच वाक्यातलं ‘डिसायडेड टू लर्न’ तसंच ठेवायचं, कारण ‘डिसायडेड टू टॅली’ असं नाम ठेवून वाक्य जमत नाही. ‘यूज्ड टू वर्क’ इथे सवयीच्या अर्थाने आलंय, म्हणून ‘यूज्ड टू वर्किंग’. शेवटी ‘टू मीटिंग यू’. राहिलं ‘डिझायर टू ग्रो’, आणि तेही बरोबरच आहे.

हे शेवटचं उदाहरण एका धोक्याची जाणीव देतं. मराठीत आपण ‘शिकण्याचा निर्णय’ आणि ‘प्रगती करण्याची इच्छा’ म्हणतो, म्हणजे दोन्हीकडे ‘-ण्या’ आहे. पण इंग्रजीत तिथे ‘टू लर्न’ आणि ‘टू ग्रो’ येतं. ‘शिकण्यासाठी आलो’ याचंही ‘आय केम टू लर्न’ असंच होतं. म्हणजे मराठीतल्या ‘-ण्या’वरून नियमाचं कारण समजतं, पण इंग्रजी रूप ठरवता येत नाही. ते ठरवायला इंग्रजी वाक्यातच क्रियापदाच्या लगेच आधी कोणता शब्द आहे हे पाहावं लागतं.

‘लगेच आधी’ हे शब्दशः घ्यायला हवं. ‘आय ॲम इंटरेस्टेड इन हाऊ टू लर्न फास्टर’ हे वाक्य बरोबर आहे. इथे ‘इन’ला ‘हाऊ टू लर्न फास्टर’ हा सबंध तुकडा नाम म्हणून मिळाला आहे आणि ‘टू’ची गाठ ‘हाऊ’शी आहे. ‘ॲडव्हाइस ऑन व्हॉट टू रीड’ही तसंच. घाईघाईने इथे ‘-इंग’ लावलं, तर नीट असलेलं वाक्य बिघडतं.

चूक सुधारताना काही जण ‘इन’ काढून टाकतात आणि ‘इंटरेस्टेड टू लर्न’ लिहितात. असा प्रयोग इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ बहुधा वेगळा होतो. ‘आय वॉज इंटरेस्टेड टू लर्न दॅट युअर कंपनी हॅज अ ब्रँच इन नाशिक’ म्हणजे तुमच्या कंपनीची नाशिकला शाखा आहे हे कळलं आणि कुतूहल वाटलं. इथे ‘लर्न’ म्हणजे एखादी गोष्ट समजणं. ‘आय ॲम इंटरेस्टेड इन लर्निंग अकाउंट्स’ म्हणजे हिशेबाचं काम शिकण्यात मला रस आहे. एकात हाती आलेल्या बातमीवरची प्रतिक्रिया आहे, तर दुसऱ्यात पुढे करायच्या कामाची आवड. अर्ज करणाऱ्याला बहुतेक वेळा ही आवडच सांगायची असते. तेव्हा त्याने ‘इन’ ठेवावा आणि ‘टू’ काढून क्रियापदाला ‘-इंग’ लावावं.