तीन वर्षांचा दाखला, पण कोणता?

“हे नाही चालणार. तीन वर्षांचा दाखला आण, मग फाईल पुढे जाईल.”

जून महिन्यातली दुपार होती. खिडकीमागे लिपिक, खिडकीपुढे चाळीस-पन्नास मुलं. आमच्या शेजारची मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी रांगेत उभी होती. तिने “सर, कोणता दाखला?” असं विचारलं. “सेतूत सांग, ते देतील,” असं उत्तर आलं आणि मागचा मुलगा पुढे सरकला. सेतू केंद्रातल्या माणसाने तिला तोच प्रश्न परत विचारला : कोणता दाखला?

संध्याकाळी ती कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. मी बरीच वर्षं महाविद्यालयीन कार्यालयात काढली आहेत. खिडकीवरची ही भाषा मला कळते, पण हे वाक्य ऐकून मीसुद्धा तिला खात्रीने उत्तर देऊ शकलो नाही, कारण ‘तीन वर्षांचा दाखला’ या नावाचा दाखलाच नाही. त्या तीन शब्दांत निदान दोन वेगळे कागद बसतात.

पहिला म्हणजे उत्पन्नाचा दाखला. तो तहसील कार्यालयातून मिळतो आणि एका वर्षाच्या उत्पन्नाचा किंवा सलग तीन वर्षांच्या उत्पन्नाचा असतो. शिष्यवृत्ती आणि फीसवलतीसाठी बहुधा एका वर्षाचा पुरतो. तीन वर्षांचा लागतो तो मुख्यतः पुढच्या दाखल्यासाठी.

तो पुढचा दाखला म्हणजे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र. इतर मागास वर्गातल्या विद्यार्थ्याला राखीव जागेवर प्रवेश घेताना आपलं कुटुंब ‘उन्नत’ गटात मोडत नाही हे दाखवावं लागतं. त्याची उत्पन्न मर्यादा २०१७ पासून वार्षिक आठ लाख रुपये आहे. हे प्रमाणपत्र देताना मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न तपासतात. तिन्ही वर्षांचा पुरावा असला तर प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी वैध धरून देता येतं, आणि एकाच वर्षाचा असला तर मुदतही एकाच वर्षाची पडते. म्हणजे पहिल्या कागदात ‘तीन वर्षं’ हा मागचा हिशेब असतो, तर दुसऱ्यात ती पुढची मुदत असते. बोलताना दोन्हींना लोक ‘तीन वर्षांचा दाखला’च म्हणतात.

आणखी एक फाटा आहे. केंद्र सरकारच्या संस्थेत प्रवेश हवा असेल तर इतर मागास वर्गाचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. त्याची जातींची यादी वेगळी आहे, आणि जेईईसारख्या परीक्षांना ते त्या वर्षीच्या एक एप्रिलनंतर काढलेलं असावं लागतं. या मुलीचा प्रवेश राज्यातल्या महाविद्यालयात होता, त्यामुळे तो फाटा आम्ही बाजूला ठेवला. पण सेतूवाल्याला नुसतं ‘नॉन-क्रीमी लेयर’ सांगितलं आणि त्याने भलताच नमुना निवडला, असंही होतं, म्हणून ‘राज्याचा नमुना’ हे शब्द आवर्जून उच्चारावे लागतात.

अशा वेळी बहुतेक मुलं अंदाज बांधतात. उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्काखाली पंधरा दिवसांची मुदत आहे, नॉन-क्रीमी लेयरला त्याहून अधिक. अंदाज चुकला तर ते दिवस परत मिळत नाहीत, आणि प्रवेशाच्या फेऱ्या थांबून राहत नाहीत. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभं राहायचं ठरवलं होतं. मी म्हणालो, “रांगेत उभी राहा, पण हातात पत्र घेऊन जा.”

तिने आधी एक पत्र लिहूनही आणलं होतं. त्यात दोन पानं भरून गर्दी, उन्हात उभं राहणं, वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान एक दिवस बंद राहिलं, हे सगळं होतं. शेवटी एक ओळ होती : ‘तरी कृपया मला नक्की कोणता फॉर्म लागेल ते कळवावे.’ तिची तक्रार खरी होती. पण असं पत्र कार्यालयात गेलं की ते तक्रारअर्ज म्हणून वाचलं जातं. मग लिपिकाकडे खुलासा मागतात, आणि फॉर्मचं उत्तर शेवटच्या ओळीत अडकून राहतं. शिवाय ‘कोणता फॉर्म लागेल’ या मोकळ्या प्रश्नाला ‘नियमाप्रमाणे आवश्यक कागदपत्रे सादर करावीत’ हे उत्तर देता येतं. ते चुकीचं नसतं, पण त्याने मुलीच्या हाती काही लागत नाही.

म्हणून आम्ही प्रश्न उलटा केला. कोणते कागद असू शकतात ते तिनेच लिहावं आणि कार्यालयाने फक्त खूण करावी. नव्याने लिहिलेलं पत्र असं होतं :

“प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक

दिनांक : २३ जून २०२५

विषय : इतर मागास वर्गातून प्रवेशासाठी नेमके कोणते प्रमाणपत्र जोडावे याबाबत.
संदर्भ : दि. २० जून २०२५ रोजी प्रवेश खिडकीवर मिळालेली तोंडी सूचना.

महोदय,
मी पदवीच्या प्रथम वर्षासाठी इतर मागास वर्गातून प्रवेश अर्ज केला आहे. दि. २० जून रोजी कागदपत्रे तपासताना मला ‘तीन वर्षांचा दाखला आण’ असे सांगण्यात आले. ही सूचना खालीलपैकी कशाबद्दल आहे, हे मला समजले नाही. कृपया योग्य ठिकाणी खूण करावी.

( ) १. तहसीलदारांचा सन २०२२-२३, २०२३-२४ व २०२४-२५ या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला
( ) २. राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र
( ) ३. वरील दोन्ही
( ) ४. अन्य (कृपया नाव लिहावे) : ..............

प्रमाणपत्र किमान कोणत्या तारखेपर्यंत वैध असावे : ..............
मूळ प्रमाणपत्र मिळेपर्यंत अर्ज केल्याची पावती चालेल का : होय / नाही

मी याआधी जोडलेली कागदपत्रे : जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र (दि. ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध). प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,”

खाली नाव, अर्ज क्रमांक, मोबाईल क्रमांक आणि सही.

या पत्रात लिपिकाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे आहेत, त्याचं नाव मात्र कुठेच नाही. शब्द तसेच ठेवले की अधीक्षकांना ते कोणत्या टेबलावरून आले असतील हे लगेच कळतं. नाव नसलं की कोणाला बचाव करावा लागत नाही. ‘चुकीची माहिती दिली’ असं तिने लिहिलं नाही, कारण माहिती चुकीची होती हे तिला ठाऊकच नव्हतं. ‘मला समजले नाही’ एवढंच खरं होतं, आणि तेवढंच लिहिलं.

पावतीची ओळ मी आग्रहाने घालायला लावली. प्रवेश प्रक्रियेत कधी कधी प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्याची पावती तात्पुरती स्वीकारतात आणि मूळ कागद ठरावीक तारखेपर्यंत मागतात. पण त्या त्या वर्षीच्या नियमावलीत तशी सोय नसेल तर नुसत्या पावतीवर भरवसा ठेवणारं मूल खुल्या प्रवर्गात ढकललं जाऊ शकतं. म्हणून याचं उत्तर तोंडी घेऊ नये.

जोडलेल्या कागदांची यादी तिला अनावश्यक वाटली होती. “ते तर त्यांच्याकडेच आहेत ना, काका?” असं ती म्हणाली. आहेत, पण फाईल दुसऱ्या कपाटात असते. यादी पत्रातच दिसली तर उत्तर देणाऱ्याला उठावं लागत नाही. पुढे सगळं त्या यादीतल्या कंसातल्या एका तारखेवरच ठरलं.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक आवक टेबलावर दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. पुष्कळ मुलं पत्र थेट साहेबांच्या हातात देऊन येतात. साहेब वाचतात आणि बाजूला ठेवतात. आवक नोंदवहीत नोंद झाली नसेल तर पुढे विचारताना कुठला धागा पकडायचा, हे कोणालाच कळत नाही. नोंद झालेल्या पत्राची चौकशी मात्र एका आकड्यावर होते.

असंही पत्र अनुत्तरित राहू शकतं. दोन-तीन दिवसांत काही आलं नाही तर आवक क्रमांक सांगून विचारावं, आणि ‘या प्रवर्गासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची छापील यादी द्या’ अशी विनंती करावी. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, असं लोक पटकन सुचवतात. शासकीय वा अनुदानित महाविद्यालयात तो टाकता येतो. महाराष्ट्रात त्याला दहा रुपये शुल्क आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तेवढ्यात प्रवेश उरकलेले असतात. शिवाय या कायद्याखाली दप्तरात असलेला कागद मिळतो. लिपिकाला काय म्हणायचं होतं हे दप्तरात नसतं, त्यामुळे ‘त्यांचा अर्थ काय होता’ या प्रश्नाला त्या वाटेने उत्तर मिळणार नाही.

या मुलीला दुसऱ्याच दिवशी उत्तर मिळालं. क्रमांक दोनवर खूण होती. वैधतेच्या जागी ‘३१ मार्च २०२६ पर्यंत तरी’ असं लिहिलं होतं आणि पावतीपुढे ‘होय’वर गोल केला होता. त्याखाली लिपिकाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती : जुने प्रमाणपत्र एका वर्षाचे होते व संपले आहे, दर वर्षी यावे लागू नये म्हणून या वेळी तीन वर्षांचे काढावे.

कंसातल्या तारखेचा उलगडा असा झाला. जुन्या प्रमाणपत्राची मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपली होती. प्रवेशापुरतं एका वर्षाचं नवीन प्रमाणपत्रही चाललं असतं. ‘तीन वर्षांचा’ हा नियम नव्हताच, तो त्या माणसाने दिलेला सल्ला होता, आणि चांगला सल्ला होता. पदवीची तीन वर्षं एकाच कागदावर निघाली असती. पन्नास जणांच्या रांगेत त्याला त्यातले तीनच शब्द उच्चारता आले.

मग कामाचा क्रम सरळ होता. वडिलांच्या दुकानाच्या उत्पन्नाचा तीन वर्षांचा दाखला आधी काढायचा, कारण नॉन-क्रीमी लेयरच्या अर्जाला तोच जोडायचा असतो. म्हणजे पत्रातला पहिला पर्याय महाविद्यालयाला नको होता, तरी तिला तो वाटेत लागणारच होता. सेतू केंद्रात तिने ते उत्तराचं पत्रच पुढे ठेवलं. तिथल्या माणसाने खूण पाहिली, ‘राज्याचा नमुना’ हे शब्द वाचले आणि अर्ज भरायला घेतला. नॉन-क्रीमी लेयरच्या अर्जाची पावती तिने महाविद्यालयात नेली तेव्हा खिडकीवर तोच लिपिक होता. त्याने पावतीवर तिचा आवक क्रमांक लिहून घेतला आणि फाईलला टाचणी लावली.