पडणाऱ्या दाढेचे रूट कॅनल

पाच वर्षांची मुलगी खालच्या डाव्या बाजूने चावायचे टाळते. आई टॉर्च लावून बघते, तर शेवटच्या दुधाच्या दाढेखाली हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पिवळसर पुळी. गोळ्यांनी ती चार दिवस बसते आणि पुन्हा वर येते. योगायोगाने तिच्या साडेनऊ वर्षांच्या भावाच्या तोंडातही, उजवीकडच्या पहिल्या दुधाच्या दाढेजवळ, अशीच पुळी आहे. घरात एकच मत असते: पडायचेच आहेत हे दात, दोन्ही काढून टाका.

अशा वेळी दंतवैद्य बहिणीची दाढ वाचवायला आणि भावाची काढायला सांगतात. पुळी सारखीच असली तरी दोघांच्या दाढांचे उरलेले आयुष्य सारखे नसते.

दाढेतली नस मेली की जंतू आत मुक्काम ठोकतात. तिथे रक्तपुरवठाच उरलेला नसल्यामुळे गोळ्यांचे औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. दुधाच्या दाढेच्या बुडाशी बारीक वाटा असतात, त्यांतून संसर्ग मुळांच्या टोकांपेक्षा आधी मुळांच्या मधल्या हाडात उतरतो. एक्स-रेमध्ये तिथे काळा डाग दिसतो. याच जागेखाली कायमच्या दाताचा अंकुर असतो. पू फार काळ राहिला तर त्या नव्या दातावर डाग किंवा खड्डे उमटू शकतात.

मुलीची ही दाढ साधारण अकराव्या वर्षी पडायची, म्हणजे तिला अजून सहा वर्षे काढायची आहेत. शिवाय सहाव्या वर्षी तिच्यामागे पहिली कायमची दाढ उगवते आणि पुढे जागा मोकळी सापडली तर तीत सरकते. मग खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. जागा राखायला तारेचा साधा स्पेसर बसवावा, तर त्याला मागे टेकायला दाढच नाही. हिरडीत रुतणारी धातूची पट्टी बसवावी लागते. त्यापेक्षा मुळे शाबूत असतील तर पल्पेक्टॉमी, म्हणजे दुधाच्या दाढेचे रूट कॅनल, शहाणपणाचे.

भूल देऊन दाढेचे छत उघडतात आणि सडलेली नस बारीक फायलींनी काढतात. फाईल मुळाच्या टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवायची, कारण पलीकडे अंकुर आहे. मग सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने नळ्या धुतात. पू वाहतच असेल तर त्या दिवशी भरण्याची घाई करत नाहीत. आत औषध ठेवून मुलीला काही दिवसांनी पुन्हा बोलावतात.

खरी मेख आहे ती नळीत काय भरायचे यात. मोठ्यांच्या दातात गटापर्चा भरतात, पण तो विरघळत नाही. दुधाच्या दाढेचे मूळ झिजत जाणारे, म्हणून भरणही त्याच चालीने झिजायला हवे. लवंगेच्या तेलातला युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड यांचे जुने मिश्रण नळीत टिकते, पण मुळापेक्षा सावकाश विरघळते आणि टोकाबाहेर गेलेला कण हाडात वर्षानुवर्षे राहू शकतो. आयडोफॉर्म आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट याच्या उलट: बाहेर सांडली तरी शरीर ती शोषून घेते, पण कधी कधी नळीतूनही ती मुळाआधीच नाहीशी होते आणि नळी पोकळ उरते. म्हणून दीड-एक वर्षात पडणाऱ्या दातासाठी ही पेस्ट चालते. सहा वर्षांसाठी झिंक ऑक्साइड किंवा तिन्ही घटकांचे मिश्रण बरे. मुलाला आयोडीनची ॲलर्जी असेल तर आयडोफॉर्म बादच.

वरून स्टीलची कॅप हवीच. साधे सिमेंट भरून घरी पाठवले, तर ते झिरपते आणि जंतू परत आत शिरतात. पुळी एक-दोन आठवड्यांत सुकायला हवी आणि सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये काळा डाग आक्रसलेला दिसायला हवा. पुळी परत आली किंवा डाग वाढला, तर मात्र दाढ काढावी.

भावाच्या एक्स-रेमध्ये मुळे निम्म्याहून अधिक झिजलेली आहेत आणि खालचा दात जवळजवळ हिरडीशी आला आहे. तिथे रूट कॅनल म्हणजे पैसे आणि मुलाची सहनशक्ती, दोन्ही वाया. दाढ काढली की नवा दात लवकरच वर येईल, स्पेसरचीही गरज बहुधा नाही. वय लहान असले तरी दाढेच्या तळाला भोक पडले असेल, डाग अंकुरापर्यंत पोहोचला असेल किंवा कॅप बसण्याइतकाही दात उरला नसेल, तर काढणेच योग्य. जन्मजात हृदयविकाराच्या काही प्रकारांत आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या मुलांत मृत नस असलेला दात ठेवण्याचा धोका सहसा पत्करत नाहीत. ताप आणि गालावर पसरणारी सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बहिणीच्या कॅपबद्दल आईचा प्रश्न ठरलेला असतो: ती कधी काढायची? काढायची नसते. दाढ पडते तेव्हा कॅपही तिच्यासोबतच पडते.