AB आणि BA : एका चुकीची दोन उत्तरं

एनसीईआरटीच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकात, मॅट्रिक्सच्या प्रकरणात, एका ओळीचा बहुपर्यायी प्रश्न आहे. A आणि B या एकाच कोटीच्या सिमेट्रिक मॅट्रिक्स असतील, तर AB − BA ही कोणत्या प्रकारची मॅट्रिक्स असेल? पर्याय चार : (अ) स्क्यू-सिमेट्रिक, (ब) सिमेट्रिक, (क) शून्य मॅट्रिक्स, (ड) एकक मॅट्रिक्स.

ओळींचे स्तंभ केले, म्हणजे ट्रान्सपोज घेतला, तरी जी बदलत नाही ती सिमेट्रिक. ट्रान्सपोज घेतल्यावर जिच्या प्रत्येक घटकाचं चिन्ह उलटतं ती स्क्यू-सिमेट्रिक. उत्तर (अ) आहे. (क) आणि (ब) ही दोन्ही चुकीची उत्तरं वेगवेगळ्या वाटांनी येतात, पण दोन्ही वाटा सुरू होतात त्या एकाच समजुतीपासून.

गैरसमज : गुणाकारात क्रमाने काय फरक पडतो? AB = BA, म्हणून वजाबाकी शून्य.

वस्तुस्थिती : ३ × ५ आणि ५ × ३ सारखेच, ही पहिलीपासूनची सवय इथे आडवी येते. संख्यांचा गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो, मॅट्रिक्सचा सर्वसाधारणपणे नसतो. अगदी साध्या दोन सिमेट्रिक मॅट्रिक्स घेऊन पाहू.

```
A = [1 0]    B = [0 1]
    [0 2]        [1 0]

AB = [0 1]   BA = [0 2]   AB − BA = [0 −1]
     [2 0]        [1 0]             [1  0]
```

वजाबाकी शून्य आली नाही. कर्णावर शून्यं आहेत आणि कर्णाच्या दोन बाजूंना −1 आणि 1. ही स्क्यू-सिमेट्रिक मॅट्रिक्सच आहे.

असं का होतं, हे मॅट्रिक्सला आकड्यांची चौकट न समजता एक क्रिया समजलं की दिसतं. A कोणत्याही बिंदूची उंची, म्हणजे y, दुप्पट करते. B बिंदूच्या x आणि y यांची अदलाबदल करते. आता (1, 0) हा बिंदू घ्या. AB म्हणजे आधी B, मग A : अदलाबदलीने (0, 1) मिळतो आणि उंची दुप्पट झाल्यावर (0, 2). BA म्हणजे आधी A : या बिंदूची उंची शून्यच असल्याने दुप्पट करूनही तो (1, 0) राहतो, आणि अदलाबदलीनंतर (0, 1) होतो. क्रिया त्याच दोन, पण मुक्काम वेगळे.

गैरसमज : मी AB = BA कुठेच वापरलं नाही. ट्रान्सपोज घेऊन रीतसर सिद्ध केलं, आणि उत्तर सिमेट्रिक आलं.

वस्तुस्थिती : ही चूक अधिक फसवी, कारण ती सिद्धतेच्या वेषात येते. मांडणी साधारण अशी असते : AB चा ट्रान्सपोज A′B′. A आणि B सिमेट्रिक असल्यामुळे A′B′ म्हणजे AB. म्हणजे AB सिमेट्रिक, तसंच BA सिमेट्रिक, आणि दोन सिमेट्रिक मॅट्रिक्सची वजाबाकीही सिमेट्रिक. पर्याय (ब).

शेवटची पायरी बरोबर आहे, पहिलीच चुकली आहे. ट्रान्सपोज घेताना गुणाकाराचा क्रम उलटतो : (AB)′ = B′A′. पटत नसेल तर मापं बघा. A मध्ये २ ओळी, ३ स्तंभ आणि B मध्ये ३ ओळी, ४ स्तंभ असतील, तर A′ मध्ये २ स्तंभ होतात आणि B′ मध्ये ४ ओळी. A′B′ हा गुणाकार मांडताच येत नाही. B′A′ मात्र बिनबोभाट होतो. चौरस मॅट्रिक्समध्ये मापांची ही अडचण येत नाही, म्हणून चूक कुणी टोकत नाही. (AB)′ च्या जागी A′B′ लिहिणं म्हणजे B′A′ आणि A′B′ एकच मानणं. जी समजूत (क) कडे उघडपणे नेते, तीच इथे लपून (ब) कडे नेते.

क्रम नीट ठेवला की उत्तर दोन पायऱ्यांत मिळतं :

```
(AB − BA)′ = B′A′ − A′B′
           = BA − AB = −(AB − BA)
```

गैरसमज : उदाहरण घेऊन तपासलं, शून्यच आलं.

वस्तुस्थिती : येऊ शकतं, कारण घाईत सुचणारी उदाहरणं बहुधा सोयीची असतात. एक मॅट्रिक्स एकक घेतली किंवा दोन्ही कर्ण-मॅट्रिक्स घेतल्या, की AB आणि BA सारखेच येतात. आणखी एक सापळा आहे. दोन बाय दोनच्या दोन्ही सिमेट्रिक मॅट्रिक्समध्ये कर्णावरचे दोन्ही आकडे सारखे ठेवले, तरी वजाबाकी शून्य येते :

```
A = [1 2]   B = [3 5]   AB = BA = [13 11]
    [2 1]       [5 3]             [11 13]
```

याचं कारण मोजता येतं. A च्या कर्णावर a, d आणि बाजूला b; B च्या कर्णावर p, s आणि बाजूला q असं धरलं, तर AB − BA चा वरचा उजवा घटक q(a − d) − b(p − s) येतो. कर्णावरचे आकडे सारखे असले की दोन्ही कंस शून्य होतात. म्हणून तपासणीला अशी जोडी घ्यावी जिथे ही राशी शून्य होत नाही. पहिल्या उदाहरणात ती −1 होती.

आणि वजाबाकी शून्य आली तरी (अ) खोटा ठरत नाही. शून्य मॅट्रिक्स स्वतःच स्क्यू-सिमेट्रिक असते. (क) काही जोड्यांना लागू पडतो, (अ) प्रत्येक जोडीला.

गैरसमज : AB आणि BA यांचे निश्चयक सारखे आले, म्हणजे मॅट्रिक्सही सारख्या.

वस्तुस्थिती : चौरस मॅट्रिक्समध्ये निश्चयक नेहमीच सारखे येतात. पहिल्या उदाहरणात दोन्ही −2 आहेत, तरी मॅट्रिक्स वेगळ्या आहेत. कर्णावरच्या घटकांची बेरीज, म्हणजे ट्रेस, हीसुद्धा AB आणि BA यांची नेहमी सारखीच असते. म्हणून या खुणांवरून क्रमाचा फरक ओळखता येत नाही.

ट्रेसचा उपयोग मात्र (ड) खोडायला होतो. दोन्ही ट्रेस सारखे, म्हणून AB − BA चा ट्रेस शून्य. n कोटीच्या एकक मॅट्रिक्सचा ट्रेस n. तेव्हा ही वजाबाकी एकक मॅट्रिक्स होणं अशक्य.

हा खोडलेला पर्याय भौतिकशास्त्रात मात्र समोर उभा राहिला. १९२५ मध्ये हायझेनबर्गने केलेल्या क्वांटम सिद्धांताच्या नव्या मांडणीतले गुणाकार क्रमावर अवलंबून निघाले. ते मॅट्रिक्सचे गुणाकार आहेत हे माक्स बॉर्न यांनी ओळखलं. त्या सिद्धांतात स्थान Q आणि संवेग P यांसाठी QP − PQ ही वजाबाकी ih/2π गुणिले एकक मॅट्रिक्स येते. h हा प्लांकचा स्थिरांक. ट्रेसचा नियम इथे आड येत नाही, कारण या मॅट्रिक्सना अनंत ओळी आणि अनंत स्तंभ आहेत, आणि तिथे ट्रेसची बेरीज मर्यादित संख्येवर येऊन थांबत नाही. त्यातला i सुद्धा आपल्या प्रश्नातूनच समजतो. Q आणि P हर्मिशियन, म्हणजे सिमेट्रिक मॅट्रिक्सची संमिश्र संख्यांतली भावंडं. ट्रान्सपोजबरोबर i चा −i केला की त्यांच्या वजाबाकीचं चिन्ह उलटलंच पाहिजे. एकक मॅट्रिक्सचं चिन्ह उलटत नाही, म्हणून ते उलटवायला i लागतो. तिथेही उत्तर (अ) च्याच घराण्यातलं आहे.