कॉल सेंटरची मुलाखत : तयारी दुसऱ्या प्रश्नाची

कॉल सेंटरच्या मुलाखतीला जाणारी मुलं घरून एक परिच्छेद पाठ करून निघतात. नाव, गाव, शिक्षण, घरात कोण कोण आहे, छंद, आणि शेवटी ‘आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग पर्सन’. समोरच्या माणसाने तो परिच्छेद त्या दिवशी अनेकदा ऐकलेला असतो, त्यामुळे तो तिथे फारसा थांबत नाही. उत्तरातला एखादा शब्द उचलून पुढचा प्रश्न विचारतो, आणि खरी मुलाखत तिथून सुरू होते. ज्यांचं इंग्रजी मध्यम आहे, म्हणजे वाचलेलं कळतं, सिनेमा बऱ्यापैकी समजतो, पण बोलताना अडखळायला होतं, त्यांची गाडी नेमकी या दुसऱ्या प्रश्नाला अडते.

भाषाशिक्षणात ही गोष्ट नोंदलेली आहे. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये भाषेच्या पातळ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात मधल्या पातळीला ‘बी-वन’ म्हणतात. या पातळीचा माणूस मुलाखतीत विचारलेली माहिती देऊ शकतो, स्वतःहून एखादा विषयही काढू शकतो, पण संभाषण पुढे नेण्यासाठी तो मुलाखत घेणाऱ्यावर बराच अवलंबून असतो, असं ती चौकट सांगते. त्याच्या वरच्या पातळीवर ठरलेले प्रश्न बाजूला ठेवून बोलता येणं अपेक्षित असतं. कॉल सेंटरला या दोन पायऱ्यांमधला माणूस हवा असतो. कारण ग्राहक कधीच पाठ केलेल्या क्रमाने बोलत नाही.

म्हणून सरावासाठी संवाद लिहायचा तर त्यात दुसरा प्रश्न हवा. एक उदाहरण घेऊ. उमेदवार कल्पनेतली आहे : बार्शीची, बी.कॉम. झालेली, मामाच्या मोबाइलच्या दुकानात वर्षभर काम करून आता चिंचवडला मावशीकडे राहायला आलेली. फेरी शेवटची, ऑपरेशन्सच्या मॅनेजरबरोबर.

मॅनेजर : टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ दॅट इज नॉट इन युवर रेझ्युमे.

उमेदवार : आय वर्क्ड इन माय अंकल्स मोबाइल शॉप फॉर अ इयर. आय हँडल्ड रिचार्जेस अँड कम्प्लेंट्स.

मॅनेजर : व्हॉट काइंड ऑफ कम्प्लेंट्स?

उमेदवार : मोस्टली फेल्ड रिचार्जेस. पीपल पेड, बट द रिचार्ज डिडन्ट कम.

मॅनेजर : टेल मी अबाउट वन ऑफ देम.

पहिलाच प्रश्न पाठांतर मोडणारा आहे. रेझ्युमेत नसलेलं सांगा म्हटल्यावर पाठ केलेला परिच्छेद उपयोगाचा राहत नाही. या मुलीने दुकानाचा उल्लेख केला हे तिच्या फायद्याचं झालं, कारण त्या कामाबद्दल तिला कितीही विचारलं तरी खरं सांगण्यासारखं बरंच आहे. ‘आय लाइक रीडिंग’ म्हणून सुटका करून घेणाऱ्याला पुढचा प्रश्न येतो की शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंत, आणि तिथे शांतता पसरते. सरावात उत्तर निवडताना एवढंच तपासावं, की यावर तीन प्रश्न आले तर माझ्याजवळ सांगायला काही आहे का?

उमेदवार : अ मॅन केम टू द शॉप. ही वॉज शाउटिंग. आय आस्क्ड हिम फॉर द नंबर अँड चेक्ड इट. वन डिजिट वॉज राँग. द रिचार्ज वेन्ट टू समवन एल्स.

मॅनेजर : अँड देन?

उमेदवार : वी कुडन्ट गेट इट बॅक अवरसेल्व्ह्‌ज. आय गेव्ह हिम द कंपनीज हेल्पलाइन नंबर अँड ही कॉल्ड देम फ्रॉम द शॉप.

वाक्यं किती छोटी आहेत पाहा. घडून गेलेली गोष्ट सांगताना साधा भूतकाळ धरून ठेवला की मध्यम इंग्रजीवरही ती नीट सांगता येते. बिघाड होतो तो मध्येच काळ बदलल्याने. ‘ही केम’ने सुरुवात होते आणि पुढच्याच वाक्यात ‘ही इज शाउटिंग, आय अ‍ॅम टेलिंग हिम’ येतं. ऐकणाऱ्याला कळेनासं होतं की हे झालं, होतंय की नेहमी होतं. आणि शेवट गोड नाही म्हणून तो बदलायची गरज नाही. पैसे परत मिळाले नाहीत, पण माणूस दुकानातून हेल्पलाइनशी बोलला, एवढं पुरेसं आहे. मॅनेजरला तक्रार ऐकताना तुम्ही काय केलंत ते हवं असतं. रचलेली गोष्ट ‘अँड देन?’पुढे टिकत नाही.

यानंतर बहुतेक ठिकाणी मॉक कॉल होतो. मॅनेजर ग्राहक होतो, बऱ्याचदा तावातावाने बोलणारा.

मॅनेजर : यू चार्ज्ड मी ट्वाइस फॉर माय इंटरनेट बिल! आय वॉन्ट माय मनी बॅक, राइट नाउ.

उमेदवार : आय अंडरस्टँड, सर. टू पेमेंट्स फॉर वन बिल. लेट मी चेक दॅट. मे आय हॅव युवर अकाउंट नंबर, प्लीज?

नंबर मिळाल्यावर ती तो आकडा आकडा सुटा करून परत वाचून दाखवते आणि पुढे विचारते.

उमेदवार : थँक यू. आर बोथ पेमेंट्स ऑन द सेम डेट?

मॅनेजर : यस, द फोर्थ. वन ऑफ देम सेज ‘पेंडिंग’.

उमेदवार : सो वन पेमेंट इज कम्प्लीट, अँड द अदर इज स्टिल पेंडिंग. इज दॅट राइट?

मॅनेजर : यस, यस. विल आय गेट इट टुडे?

उमेदवार : आय कान्ट प्रॉमिस टुडे, सर. आय वॉन्ट टू चेक फर्स्ट. मे आय प्लेस युवर कॉल ऑन होल्ड फॉर टू मिनिट्स?

या छोट्या संवादातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘सो वन पेमेंट इज कम्प्लीट’ हे आहे. ग्राहकाचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगणं याला या धंद्यात ‘पॅराफ्रेझिंग’ म्हणतात. त्याने दोन गोष्टी साधतात. चिडलेल्या माणसाला आपलं ऐकलं गेलं असं वाटतं, आणि आपण चुकीचं ऐकलं असेल तर तिथल्या तिथे कळतं. मध्यम पातळीच्या बोलणाऱ्याला आणखी एक फायदा मिळतो : समोरच्याचेच शब्द वापरायचे असल्याने नवं वाक्य जुळवायला वेळ मिळतो.

‘पेंडिंग’ शब्दावर ती थांबली हेही चांगलं झालं. पेमेंट पेंडिंग असताना बँकेने बहुधा ती रक्कम फक्त अडवून ठेवलेली असते, कंपनीकडे पोचती केलेली नसते. कंपनीने ती उचलली नाही तर अडवणूक आपोआप सुटते. मग परतावा द्यायचा प्रश्नच उरत नाही. उमेदवाराला बँकेचे हे व्यवहार ठाऊक असावेत अशी कुणाची अपेक्षा नसते. पण ‘तुमचे पैसे आजच परत मिळतील’ असं बोलून बसणारा उमेदवार मॅनेजरच्या डोळ्यांत लगेच भरतो. न तपासता दिलेलं वचन म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच ग्राहकाचा दुप्पट चिडलेला फोन. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दर वाक्याला ‘सॉरी सर’. एकदा मनापासून म्हटलेलं पुरतं, त्यानंतर ग्राहकाला पुढची पायरी ऐकायची असते. आणि शोधाशोध करताना गप्प बसलात तर फोनवर ती शांतता फार जड होते. ‘डेड एअर’ म्हणतात तिला. तिथे आपला चेहरा दिसत नसतो. काय तपासतोय ते सांगत राहायचं, किंवा वर केलं तसं विचारून होल्डवर ठेवायचं.

उच्चारांची भीती मुलांना सगळ्यात जास्त असते, पण ती बऱ्याचदा चुकीच्या जागी असते. परदेशी ढंगात बोलायला जाऊन शब्दच कळेनासे होतात. फोनचा आवाज मुळात अपुरा असतो : साध्या टेलिफोन लाइनवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज जातो. ‘एस’ आणि ‘एफ’ या ध्वनींना वेगळं पाडणारा भाग याच्या बराच वर असतो, म्हणून फोनवर ते एकमेकांसारखे ऐकू येतात. तीच गत ‘एम’ आणि ‘एन’ची, ‘बी’ आणि ‘डी’ची. म्हणूनच स्पेलिंग सांगताना ‘एस फॉर सिएरा, एफ फॉर फॉक्सट्रॉट’ म्हणायची पद्धत आहे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत शेवटच्या ‘टीन’वर जोर पडला नाही तर पंधराचे पन्नास होतात, खात्रीसाठी ‘वन फाइव्ह’ असं सुटं सांगावं. पहिली फेरी अनेकदा फोनवरच होते, तेव्हा एवढं सावकाश आणि सुटं बोलणाऱ्याचा मराठी हेल कुणाला खटकत नाही.

मग येतो रात्रपाळीचा प्रश्न. ‘यस सर, नो प्रॉब्लेम’ हे उत्तर घाईचं वाटतं, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घरी बोललात का, येणार कसे? आपल्या मुलीने सांगावं, की मावशीशी बोलणं झालंय, घर चिंचवडला आहे, कॅब कुठपर्यंत येते ते तिला जाणून घ्यायचंय. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी काम असेल तर न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात, कारण तिथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर पुढे-मागे होतात. ‘डझ द शिफ्ट टायमिंग चेंज इन नोव्हेंबर?’ असं तिने विचारलं तर कामाचा विचार करून आलेली मुलगी समोर आहे हे कळायला मॅनेजरला वेळ लागत नाही.

या संवादाचा सराव दोघांनी करावा. लिहिलेली वाक्यं पहिल्यांदा मोठ्याने वाचायला हरकत नाही, पण मग कागद ठेवून द्यायचा. उमेदवाराने स्वतःच्या खऱ्या अनुभवाचे चार-पाच तपशील फक्त शब्दांत टिपून ठेवायचे : दुकान, चुकलेला आकडा, हेल्पलाइन. पूर्ण वाक्य लिहिलं की ते पाठ होतं, आणि पाठ झालं की पुन्हा पहिल्या प्रश्नापाशी आपण अडकतो. विचारणाऱ्याने एकच नियम पाळायचा : पुढचा प्रश्न समोरच्याच्या शेवटच्या वाक्यातूनच काढायचा. मॉक कॉलसाठी एकाने शेजारच्या खोलीत जाऊन खरोखर फोन लावायचा, म्हणजे चेहऱ्याचा आधार राहत नाही. ग्राहक झालेल्याने एक गोष्ट लपवून ठेवायची, जशी वर ‘पेंडिंग’ होती, आणि विचारल्याशिवाय सांगायची नाही. ध्वनिमुद्रण ऐकताना व्याकरणाच्या चुका मोजत बसू नये. लपवलेली गोष्ट बाहेर यायला किती प्रश्न लागले, आणि समोरच्याचं म्हणणं एकदा तरी परत सांगितलं गेलं का, एवढंच आधी पाहावं. मग जागा बदलून पुन्हा सुरुवात करावी, या वेळी तक्रार वेगळी घेऊन.