बोअरची मोटर

आईच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून आहे. आमच्या उमरग्याच्या गल्लीतच १ जूनची पाच-सहा माणसं निघतील. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय अंदाजाने धरलं, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची म्हणून तारीख एक जून टाकली, आणि पुढे तीच सगळ्या कागदांवर चढत गेली. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, १ जूनला नातवंडांनी घरच्या ग्रुपवर केकची चित्रं टाकली. आईने हात जोडल्याची खूण पाठवली आणि तिच्या दृष्टीने वाढदिवस संपला.

त्याच आठवड्यात मी मुरूमच्या मावशीला सहज विचारलं. मावशी आईपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "एक जून कुठली? पोलीस ॲक्शन झाल्यावर दुसऱ्या पंचमीची हाय ती. मी वारुळाला गेले होते, घरी आले तर हिचं रडू ऐकू आलं." मावशीच्या या एका वाक्यात सगळा हिशेब होता. पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ ची. त्यानंतरची पहिली नागपंचमी १९४९ ची आणि दुसरी १९५० ची. म्हणजे २०२५ च्या पंचमीला आईला पंचाहत्तर पूर्ण होत होती. पंचांगात पाहिलं तर पंचमी २९ जुलैला, मंगळवारी. हातात दोन महिने होते.

पंचमीला लेकी माहेरी येतातच. त्यामुळे मी सोलापूरहून आणि ताई लातूरहून आली तर आईला त्यात काहीच वेगळं वाटणार नव्हतं. मंगळवार, कामाचा दिवस, म्हणून पुण्याचा आणि हैदराबादचा भाऊ येणार नाहीत हे ती धरूनच चालली होती. मावशी गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही. आईला नवल वाटायला हवं ते या तिघांचं. बाकी सगळा सणच आमच्या मदतीला होता.

ग्रुपचं नाव ठेवलं 'बोअरची मोटर'. नाव निरुपद्रवी असून भागत नाही. जिच्यापासून लपवायचं तिला ते कंटाळवाणं वाटायला हवं. आईजवळ राहणाऱ्या भावाच्या बायकोचा, वहिनीचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर पडलेला असतो, स्क्रीनवर मेसेज चमकला की आईची नजर जाते. म्हणून नियम केला की मेसेजच्या पहिल्या ओळीत 'आई', 'वाढदिवस', 'पंचाहत्तर' हे शब्द नकोत. आईला 'मोटर' म्हणायचं. खरी योजना ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवली, कारण मागाहून घेतलेल्या माणसाला आधीचे मेसेज दिसत नव्हते. तो हमखास विचारतो, 'काय चाललंय? काकूला सांगायचं नाही का?' आणि कधीकधी ते भलत्याच ठिकाणी विचारतो.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. मी ग्रुपवर विचारलं, 'कोण काय बघणार?' तेवीस जणांच्या ग्रुपमध्ये चौदा अंगठे आले आणि काम एकानेही उचललं नाही. अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' एवढाच असतो. मग मी प्रत्येकाला वेगळा मेसेज केला. एका मेसेजमध्ये एकच माणूस, एकच काम, दिवस, वेळ आणि झाल्याची खूण. शेजारच्या काकूंना गेलेला मेसेज असा होता:

'काकू, दिंडं तुमच्या घरी. डाळ दीड किलो, गूळ तेवढाच, रविवारी भाऊ आणून देईल. मंगळवारी दुपारी ३ ला वाफवून तयार. झाली की पातेल्याचा फोटो मला एकटीला. जमेल का, तेवढं लिहा.'

'जमेल का'चं उत्तर अंगठ्याने देता येत नाही. 'हो' किंवा 'नाही' लिहावंच लागतं. तिघांनी 'नाही' लिहिलं, तेही बरंच झालं. ती कामं महिनाभर आधी दुसऱ्याकडे गेली.

दिंडं शेजारी का, हे घरात राहणाऱ्यालाच कळेल. आईला डब्यातली कणीक दोन वाट्या कमी झाली तरी समजतं. घरच्या आठ माणसांचं पुरण तिच्या देखत होणार होतं. चाळीस जणांचं तिच्या स्वयंपाकघरात करणं शक्यच नव्हतं. म्हणून घरातली एकही वस्तू वापरायची नाही असं ठरलं. पैसे एका भाच्याच्या खात्यात जमा केले. घरच्या खात्याला आईचा नंबर जोडलेला आहे, रक्कम निघाली की तिला संदेश जातो.

केकचं काम पुण्याच्या पुतण्याने आनंदाने घेतलं होतं. वहिनीनेच मला रात्री फोन केला, "वन्सं, पंचमीला सुरी कशी लावायची?" खरंच की. त्या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. सगळं उकडलेलं. आईने आयुष्यभर हे पाळलंय. तिच्याच दिवशी तिला सुरी हातात घ्यायला लावणं मला पटेना. मग केक रद्द करून कणकेचे पंच्याहत्तर दिवे ठरवले. उकडलेल्या दिव्यांनी औक्षण करायचं.

दिव्यांचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. एका दिव्याला लिंबाएवढा गोळा लागतो, सगळ्यांना मिळून सव्वा किलो कणीक. ती घट्ट मळावी लागते, सैल झाली तर वाफेवर दिवा बसतो आणि तूप बाहेर येतं. आदल्या दिवशी केले तर वाळून तडकतात, म्हणून सकाळीच करायचे. अर्धा चमचा तुपाचा दिवा किती वेळ जळतो हे ताईने लातूरला दोन दिवे लावून पाहिलं. दहा-बारा मिनिटं. पंच्याहत्तर दिवे दोघींनी दोन टोकांकडून लावायचे म्हटलं तरी चार मिनिटं जातात. म्हणजे आई दारात यायच्या बरोबर पाच मिनिटं आधी सुरुवात व्हायला हवी. लवकर लावले तर पहिले विझतात, उशीर झाला तर आई काडेपेटी पाहत उभी राहते. साऱ्या योजनेत नेमकी वेळ साधायची ती एवढीच, आणि ती सर्वस्वी वहिनीच्या निरोपावर अवलंबून होती.

आई साडेचारला बायकांबरोबर वारुळाला जाते, पूजा, गाणी, फुगडी करून सहापर्यंत परतते. वहिनी तिच्यासोबत असणार. निघाल्यावर तिने 'मोटर बसवली' लिहायचं, परतताना मारुतीच्या पाराशी आल्यावर 'पाणी चढलं'. पारापासून घर आईच्या चालीने पाच मिनिटं. वारुळाकडे रेंज धड नसते, म्हणून मेसेजबरोबर एक मिस कॉलही द्यायचा.

लपवण्याची धडपड सुरू झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आमचा नेहमीचा घरचा ग्रुप अचानक शांत झाला. सगळेच 'मोटर'मध्ये गुंतलेले. चार दिवसांनी आईने मला विचारलं, "सगळ्यांचं बरं हाय ना? कुणाचं काही येईना." त्या दिवसापासून एका भाचीला कामच दिलं: घरच्या ग्रुपवर रोज सकाळी काहीतरी टाकायचं, पावसाचा फोटो का असेना.

दुसरा प्रसंग हैदराबादच्या पुतण्याचा. त्याने 'फुलवाती ७५ पुरतील का ८० घेऊ' हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि घाबरून लगेच सगळ्यांसाठी डिलीट केलं. मेसेज गेला, पण डिलीट केल्याची ओळ राहिली. संध्याकाळी आईचा प्रश्न आलाच, "काय खोडलंस रे?" खरं तर श्रावणात फुलवाती घेणं यात कुणालाही खटकेल असं काहीच नव्हतं. मेसेज तसाच ठेवला असता तर आईने 'ऐंशी घे, देवाला होतील' म्हटलं असतं. चुकून गेलेला मेसेज खोडण्याआधी तो परक्या डोळ्यांनी एकदा वाचून पाहावा. बहुतेक वेळा त्यातलं गुपित फक्त आपल्यालाच दिसत असतं.

मावशीला मात्र ग्रुपमध्ये घेतलंच नाही. तिला वाचता येत नाही. ती आवाजी मेसेज ऐकते, आणि तोही मोठ्या आवाजात, समोर कोण बसलंय ते न पाहता. तिचा निरोप तिच्या सुनेला थेट फोनवरून जायचा.

मंगळवारी सकाळी काकूंच्या घरी ऐंशी दिवे केले, पाच जादा. वाफेत सहा तडकले. एका दिव्याची चीर कणीक लावून बुजवली, पंच्याहत्तर भरले. बाहेरगावचे दोन्ही भाऊ दुपारी आले. गाड्या आमच्या दारात न लावता मागच्या गल्लीत ठेवल्या. चार पस्तीसला 'मोटर बसवली' आलं आणि आम्ही बैठकीत सतरंजी अंथरली. दिवा विझू नये म्हणून पंखा बंद. मावशीला खुर्चीत समोर बसवलं. अंधार करायचा नाही, ओरडायचं नाही, फुगे फोडायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं. पंच्याहत्तरीच्या माणसाला, त्यातून रक्तदाबाची गोळी चालू असताना, दचकवण्यात मला कसलीच मजा दिसत नाही. तिने दारातून पाहावं आणि आपली माणसं ओळखावीत, एवढंच हवं होतं.

साडेपाचला पावसाची झड आली. बायका वारुळावरून लवकर उठल्या. वहिनीने मेसेज लिहिला, पण त्यावर एकच टिक, तो पोचलाच नाही. पाच पस्तीसला माझा फोन एकदा वाजला आणि बंद झाला. मी आणि ताईने दोन टोकांकडून काड्या लावायला घेतल्या. फुलवाती सकाळीच तुपात भिजवून ठेवायला हव्या होत्या. शेवटच्या काही आम्ही कोरड्याच बसवल्या होत्या, त्या जळून काळ्या पडायला लागल्या. आई पायरीवर आली तेव्हा सदुसष्ट दिवे पेटले होते.

तिने आधी मावशीला पाहिलं, मग पोरांना. बराच वेळ काही बोलली नाही. मावशी म्हणाली, "ये की. आज पंचमी. आजचीच हायेस तू." आई ओल्या पदराने दिव्यांपाशी बसली, राहिलेल्या आठ वाती तिने बोटाने तुपात बुडवल्या आणि एकेक करून स्वतःच लावल्या. मग आम्ही ओवाळलं. रात्री जेवताना तिने वहिनीला विचारलं, "मोटरचं काय झालं मग? महिनाभर तुझ्या फोनवर मोटरच दिसतीया."

आईचा खरा दिवस सांगणारं माणूस आमच्या घरात एकच उरलं होतं. तुमच्या घरातही १ जूनची माणसं असतील, तर त्यांच्याहून मोठं जे कुणी हयात आहे त्यांना या आठवड्यात फोन करा. तारीख विचारू नका, ती त्यांना सांगता येणार नाही. कुठला सण होता, शेतात काय उभं होतं आणि त्या साली गावात काय घडलं होतं, एवढं विचारून लिहून घ्या.