पगारवाढ आणि तेरा लाखांजवळची गंमत

अप्रेझलचं पत्र आलं की ऑफिसात कुणी ना कुणी म्हणतंच, "वरच्या स्लॅबमध्ये गेलो, आता सगळ्या पगारावर जास्त टॅक्स!" हा समज चुकीचा आहे. वरचा दर फक्त वरच्या टप्प्यात पडलेल्या रकमेला लागतो, खालची रक्कम तिच्या जुन्याच दराने मोजली जाते.

आर्थिक वर्ष २०२५-२६ आणि नवी करप्रणाली धरून १५ लाखांचा पगार मोजून पाहू. दुसरं उत्पन्न नाही. आधी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट. तिला बिलं, पावत्या काही लागत नाहीत. उरले १४,२५,०००. यातल्या पहिल्या ४ लाखांवर कर शून्य. ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ लाखांवर १० टक्के, म्हणजे ४०,०००. राहिलेल्या सव्वादोन लाखांवरच १५ टक्के, म्हणजे ३३,७५०. बेरीज ९३,७५०. त्यावर ४ टक्के उपकर ३,७५०. एकूण ९७,५०० रुपये. म्हणायला माणूस १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, पण पगाराच्या मानाने कर साडेसहा टक्केच.

वजावटीनंतरचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर रिबेट म्हणून माफ होतो. म्हणून पगार १२,७५,००० असेल तर कर शून्य.

आता याच माणसाला वर्षाला २०,००० रुपयांची वाढ मिळाली असं समजा. करपात्र उत्पन्न १२,२०,००० झालं आणि रिबेट गेला. स्लॅबने कर येतो ६३,०००. वीस हजारांच्या वाढीपायी त्रेसष्ट हजार! हे होऊ नये म्हणून कायद्यात मार्जिनल रिलीफ आहे: १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर २०,०००. पण उपकर या मर्यादेबाहेर राहतो, त्याचे ८०० वेगळे. म्हणजे वाढ वीस हजारांची आणि कर २०,८००. हातात येणारी रक्कम खरोखरच आठशे रुपयांनी घटली! ऑफिसातल्या त्या तक्रारीत तथ्य असेल तर ते या अरुंद पट्ट्यात.

पट्टा संपतो करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,६०० झालं की, म्हणजे पगार १३,४५,६००च्या आसपास. तिथून पुढे स्लॅबने येणारा करच कमी भरतो आणि रिलीफची गरज उरत नाही. पगार साडेतेरा लाख धरला तर उपकरासह कर ७४,१००, हातात १२,७५,९००. पाऊण लाखाच्या वाढीतून पदरात पडले नऊशे रुपये. मात्र यापुढच्या प्रत्येक शंभरातले ८४ रुपये ४० पैसे आपले, १६ लाखांचा टप्पा येईपर्यंत.