प्रतिसाद, निवारण आणि हाताळणी: एका तक्रारीच्या तीन वेळा

समजा, भिलाईच्या सेक्टर ६ मधील एका क्वार्टरचा नळ गळतो आहे. तक्रार सोमवारी सकाळी १० वाजता नोंदवली. १०:०१ ला आपोआप पोचसंदेश आला. माणसाचा फोन १२:३० ला आला, तो १० मिनिटे चालला. मंगळवारी ११ वाजता प्लंबर आला आणि त्याने ४० मिनिटांत वॉशर बदलला. कार्यालयाने तक्रार दुपारी ४ वाजता बंद केली.

प्रथम प्रतिसाद वेळ किती? पोचसंदेश धरला तर १ मिनिट, न धरला तर अडीच तास. म्हणून अहवालात आधी व्याख्या पाहा. निवारण वेळ, रात्र धरून, ३० तास. नळ मात्र २५ तास ४० मिनिटांनीच दुरुस्त झाला होता. उरलेला वेळ कागदाचा. हाताळणी वेळ अवघी ५० मिनिटे. बाकीचे २९ तास १० मिनिटे तक्रारीला कोणाचाच हात लागला नव्हता, तेव्हा प्लंबरला घाई करून फारसे काही वाचणार नाही.

नळ गुरुवारी पुन्हा गळला आणि तक्रारीला नवा क्रमांक मिळाला, तर घड्याळ शून्यापासून सुरू होते आणि अहवालातली सरासरी चांगलीच दिसत राहते. हे ओळखायचे असेल, तर एकेका क्वार्टरच्या तक्रारी तारखेनुसार लावून पाहा.